रिकाम्या मुशीतलं शिसं

माझा स्वभाव संशयी आहे, यावर घरात सगळ्यांचं एकमत आहे. दूधवाला माप ओतून गेला की मी पातेलं उजेडात धरते. भाजीवाल्याने तराजू उचलला की आधी त्याचं रिकामं पारडं बघते. पाहुण्यांनी चहाचं फार कौतुक केलं तर मला वाटतं, यांना निघायची घाई झालेली दिसते. असल्या स्वभावाने माणसं जोडली जात नाहीत, पण प्रयोगशाळेत त्याचाच पगार मिळतो. म्हणून मी तो बदलायच्या भानगडीत पडले नाही.

जळगावातल्या एका छोट्या खाजगी प्रयोगशाळेत मी बरीच वर्षं रसायनतज्ज्ञ आहे. विहिरीचं पाणी, शेंगदाण्याचं तेल, डाळी, मसाले, असं जे येईल ते तपासून द्यायचं. मालक स्वतः रसायनशास्त्र शिकलेले आहेत. आम्ही त्यांना साहेब म्हणतो. माणूस वाईट नाही, घाई मात्र अंगात मुरलेली. मदतीला एक जण आहेत, त्यांना सगळे भाऊ म्हणतात. ते माझ्याहून वयाने मोठे, आधी कापसाच्या जिनिंगमध्ये यंत्रांवर होते. आता भट्टी, काचेची भांडी आणि नमुन्यांची ने-आण त्यांच्याकडे असते. माझ्या सहीशिवाय रिपोर्ट बाहेर जात नाही आणि मी सही चटकन करत नाही, त्यामुळे आमच्यात नेहमी थोडी कुरबुर चालू असते.

आमच्या कामातल्या दोन गोष्टी बाहेरच्या माणसाला वेडेपणाच्या वाटतात. पहिली म्हणजे ब्लँक. नमुना न घालता केलेली पूर्ण तपासणी म्हणजे ब्लँक. भांडं तेच, आम्ल तेच, भट्टी तीच, यंत्र तेच, फक्त हळद नाही. एवढा खटाटोप करून शेवटी जे सापडेल ते आपलं स्वतःचं असतं: आम्लातलं, भांड्यातलं, हवेतलं, हाताचं. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, ही जी माणसाची जुनी खोड आहे, तिच्यावर रसायनशास्त्राने काढलेला हा उतारा आहे. दुसरी गोष्ट कंट्रोल. शिसं किती आहे ते आधीपासून पक्कं ठाऊक असलेली हळद घ्यायची आणि अनोळखी हळदीच्या शेजारून तिलाही त्याच वाटेने न्यायचं. ठाऊक असलेलंच उत्तर आलं तर आपलं काम ठीक चाललंय. जास्त आलं तर कुठून तरी भर पडतेय, कमी आलं तर कुठेतरी गळतंय.

पुस्तकात हे सोपं असतं. आमच्या भट्टीत मात्र मुशी मोजक्याच मावतात. मूस म्हणजे सोनाराकडे असते तसलंच छोटं भांडं. तिच्यात हळद घालून आधी शेगडीवर जाळायची आणि मग रात्रभर भट्टीत ठेवून तिची राख करायची. ती राख आम्लात विरघळवली की त्यातलं शिसं यंत्राला मोजता येतं. भट्टीतली एक जागा रिकाम्या मुशीला द्यायची म्हणजे एका गिऱ्हाइकाला थांबवायचं, आणि साहेबांना ते जिवावर यायचं. म्हणून आमच्याकडे ब्लँक म्हणजे नुसतं आम्ल, टेबलावरच गरम करून यंत्राला दाखवलेलं. ते भट्टीचं तोंडही बघायचं नाही. कंट्रोलची हळद सणासुदीला नवे कपडे काढावेत तशी कधीतरी बाहेर यायची. मी कुरकुर करायचे, साहेब 'पुढच्या वेळी नक्की' म्हणायचे, आणि पालथ्या घड्यावरचं पाणी वाहून जायचं.

दसऱ्याच्या थोडं आधी एक अक्का हळद घेऊन आल्या. सोनगीर मागे टाकून शिरपूरकडे निघालं की हायवे सोडून आत त्यांचं गाव. मिरची, धणे, हळद दळायची त्यांची स्वतःची चक्की होती. धुळ्यातल्या एका संस्थेची मुलींची वसतिगृहं आहेत. दिवाळीची सुट्टी संपून ती उघडली की वर्षभराची हळद यंदा पहिल्यांदा अक्कांकडून घ्यायची, असं संस्थेने ठरवलं होतं. अट एकच होती, शिशाचा रिपोर्ट. हळद पिवळीजर्द दिसावी म्हणून भेसळ करणारे तिच्यात शिशाचा रंग घालतात, हे आता सगळ्यांना कळलंय. अक्कांनी लागतील तेवढी हळकुंडं एकदम भरून, दळून, पोती शिवून ठेवली होती. रिपोर्ट चांगला आला की पोती वसतिगृहाला जाणार. नाही आला तर ती पोतीही गेली आणि ते कामही गेलं.

"काय निघी यामा?" पिशवी माझ्या हातात देताना त्यांनी विचारलं.

"काही नसेल तर काही निघणार नाही," मी म्हटलं.

"मंग काहीच निघाव नही," असं म्हणून त्या पुढची गाडी धरायला गेल्यासुद्धा. त्यांच्या बोलण्यात बढाई नव्हती. स्वयंपाकघरात काय शिजतंय ते ठाऊक असलेल्या बाईचा तो सूर होता.

दसऱ्याला मी दरवर्षी रजेवर असते. आमचं घर बौद्ध. त्या दिवशी धुळ्याला माहेरी जायचं, सगळ्यांबरोबर विहारात जायचं, पांढरी साडी नेसून दिवसभर गावच्या बायकांशी गप्पा मारायच्या, हा माझा ठरलेला कार्यक्रम. प्रयोगशाळेत खंडेनवमीला यंत्रांची पूजा होते. मी परत आले तेव्हा यंत्रांवरचे झेंडू सुकले होते, वजनकाट्यावर हळदीकुंकवाची बोटं होती आणि भट्टीच्या तोंडावर तांबडा त्रिशूळ काढलेला होता. मी सुकलेली फुलं बाजूला केली आणि कामाला लागले. कुंकवाचं मला काही वाटत नाही. ते नीट पुसलं जातं.

मग अक्कांची हळद भट्टीत गेली. नियमाप्रमाणे एकाच पिशवीतली हळद दोन मुशींत घेतली होती. एक मूस भट्टीत पुढे, दरवाजाजवळ होती. दुसरी मागच्या रांगेत. यंत्रावर पुढच्या मुशीतलं शिसं मर्यादेच्या कितीतरी वर निघालं. मागच्या मुशीतलं मर्यादेच्या खूप खाली. टेबलावर गरम केलेला ब्लँक नेहमीसारखा गरीब गाईसारखा शून्याजवळ बसून होता.

इथे माझा स्वभाव कामाला आला. एका पातेल्यातला वरणाचा एक घास खारट आणि दुसरा अळणी लागला तर वरणाला नाव ठेवण्याआधी मीठ कुठे पडलं ते बघावं लागतं. हळद चांगली ढवळून घेतली होती, वजन मी स्वतः केलं होतं. दोन आकडे थोडे इकडेतिकडे असतात, इतके नाही. मी रिपोर्टवर सही केली नाही आणि चहा घ्यायला गेले.

तिथे साहेब भेटले. ते खुशीत नव्हते, पण कर्तव्य केल्याचं समाधान चेहऱ्यावर होतं.

"त्या शिरपूरकडच्या अक्कांना मी फोन केला," ते म्हणाले. "म्हटलं, शिसं जास्त निघालंय, हळद कुणाला देऊ नका. उगीच वसतिगृहात गेली असती तर?"

"कुठला आकडा बघितलात तुम्ही?"

"पहिला. यंत्रावर आला तोच."

"आणि दुसरा?"

दुसरा यायच्या आधीच ते उठले होते. मी कप खाली ठेवला तो आवाज पलीकडच्या खोलीत गेला म्हणतात. मला राग आला की मी ओरडत नाही, फार स्पष्ट बोलते, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट असतं, असं नवऱ्याचं म्हणणं आहे. मी साहेबांना स्पष्टपणे सांगितलं की रिपोर्टवर सही माझी लागते तर फोनही मला विचारून व्हायला हवा. तेही बरोबरच बोलले, की शंका असेल तर आधी माणसाला थांबवावं. आम्ही दोघेही आपापल्या जागी बरोबर होतो आणि मधे अक्का एकट्या होत्या.

मी लगेच फोन लावला. दुपारभर उचलला गेला नाही. संध्याकाळी उचलला. "अक्का, ते अजून पक्कं नाही," मी म्हटलं. "आमच्याकडूनच काही चुकलं असेल. मी परत तपासतेय. तोवर काही ठरवू नका." मग त्या म्हणाल्या, "बरं." एवढंच. मला वाटलं, समजल्या.

दुसऱ्या दिवशी मी भट्टीत गिऱ्हाइकांची एकही मूस जाऊ दिली नाही. दोन रिकाम्या मुशी घेतल्या, आणि तिसरीत ठाऊक असलेली कंट्रोलची हळद. त्या भट्टीत भाऊंना ठेवायला लावल्या, मी हात लावला नाही. एक रिकामी पुढे, एक रिकामी मागे, कंट्रोल पुढे. भाऊंनी विचारलं, "मॅडम, रिकामं भांडं कशाला जाळायचं?" मी म्हटलं, "भाऊ, बघू या ते रिकामंच निघतं का."

ते रिकामं निघालं नाही. पुढच्या मुशीत हळदीचा कणही नव्हता आणि शिसं होतं, भरपूर होतं. मागच्या मुशीत जेमतेम. कंट्रोलच्या हळदीत जेवढं असायला हवं त्याच्या कितीतरी वर निघालं. म्हणजे शिसं हळदीबरोबर येत नव्हतं. आम्ही ते आमच्या घरचं घालत होतो, आणि दरवाजाजवळ जास्त घालत होतो.

मी भट्टीपुढे उभी राहून दरवाजा उघडला, मिटला, पुन्हा उघडला. दुसऱ्यांदा मिटला तेव्हा वरच्या त्रिशुळाचा एक पापुद्रा सुटून खाली आला. बोटावर घेतला. कुंकवासारखा लाल नव्हता, नारिंगी होता.

"भाऊ, हे कुंकू नाही का?"

"शेंदूर आहे," भाऊ म्हणाले. "दरवर्षी कुंकूच लावायचे इथे, पण अग्नीच्या यंत्राला शेंदूर पाहिजे. जिनिंगला आम्ही तेलात कालवून शेंदूरच लावायचो."

कापसाच्या जिनिंगमध्ये त्याने काही बिघडत नाही. इथे मात्र तेल भट्टीच्या उष्णतेने वाळलं, शेंदराचे पापुद्रे झाले आणि दरवाजा आदळला की त्यांची पूड खालच्या उघड्या मुशींत पडू लागली. अस्सल शेंदूर हा शिशाचाच एक ऑक्साइड असतो. शिसं शोधायच्या भट्टीच्या कपाळावर आम्ही शिसं लावून ठेवलं होतं.

साहेबांना बोलावलं. त्यांनी ऐकून घेतलं, इकडे बघितलं, तिकडे बघितलं आणि हळूच म्हणाले, "मॅडम, तुम्हाला पूजेचं पटत नाही ते मला माहीत आहे. पण म्हणून लगेच..."

मला तो सूर ओळखीचा आहे. शाळेपासून ओळखीचा आहे. वाईट वाटलं ते त्यांच्याकडून आला म्हणून, आणि ते मी लपवलं नाही. "साहेब," मी म्हटलं, "हे मी म्हणत नाहीये. रिकामी मूस म्हणतेय. ती कुठल्या घरची आहे ते तिलाच विचारा."

मग मी बोलणं थांबवलं आणि एका परीक्षानळीत थोडं नायट्रिक आम्ल घेऊन तो पापुद्रा त्यात टाकला. शेंदूर अस्सल असेल तर त्याचा नारिंगी रंग जातो आणि तळाला तपकिरी गाळ बसतो; कुंकवाचं तसं होत नाही. गाळ बसला. वरचं पाणी विरळ करून यंत्राला दाखवलं तर यंत्राने आकडा दाखवायचंच सोडून दिलं, इतकं शिसं. साहेब खुर्चीवर बसले. चांगला माणूस असल्याचा त्यांचा हाच एक पुरावा मला नेहमी पुरतो: चूक दिसली की वाद घालत नाहीत. "चुकलो," ते म्हणाले, "तुम्हाला बोललो तेही."

भाऊ मात्र नळीकडे बघतच राहिले. "देवाला लावायची वस्तू," ते म्हणाले. "तिच्यात विष?" मी म्हटलं, "विष पोटात गेलं तर. देवाच्या अंगावर ते बसलं आहे तोवर कुणाचं काही बिघडत नाही, भाऊ. इथे ते जेवणाच्या वस्तूंवर पडतंय." त्यांनी भट्टीला हात जोडले आणि ओल्या कापसाने स्वतः सगळा त्रिशूळ पुसून काढला. नंतर आम्ही भट्टी आतबाहेर साफ केली, रिकामीच तापवली आणि सगळ्या मुशी आम्लात उकळून काढल्या.

त्या गडबडीत अक्का आल्या. निरोप न देता, बसने. स्टुलावर बसल्या, पाणी प्यायल्या आणि थेट विचारलं, "काय जायं ते सांगा."

मी सांगितलं. लपवलं काहीच नाही. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. संपल्यावर म्हणाल्या, "आते तुम्ही नवा कागद देशात. पन गावमा लोके काय म्हनतीन? पैसा दिसन कागद बदली लिना, आसं म्हनतीन. पहिला आकडा बठ्ठास्ले समजना शे."

म्हणजे साहेबांच्या फोनची बातमी गावभर झाली होती, आणि नवा कागद पैसे देऊन बदलून घेतला असंच गाव म्हणणार होतं. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला की नुसता चांगला आकडा या बाईच्या काही कामाचा नाही. दोन आकड्यांमधून माणूस आपल्याला हवा तो उचलतो, आणि गाव वाईट तो उचलतं. पहिला आकडा खोटा का, आणि दुसरा खरा कशावरून, हे लिहून दिलं तरच कागदाला किंमत.

"अक्का, तुम्ही चक्कीवर मिरची दळली की पुढे हळद लगेच घालता का?"

"नही. पहिले तांदूय दयतस. मंग दखतस."

"तांदळाचं पीठ लाल निघालं तर?"

"तं मिरची चक्कीनी शे. तांदूयनी नही." बोलता बोलता त्या थांबल्या. "म्हनजे तुमनी चक्कीमा मिरची व्हती."

"हो अक्का. मिरची आमची होती."

त्यांनी मान हलवली. चेहरा काही सैल झाला नाही. मला वाटलं, प्रवासाचा शीण असेल.

पुन्हा तपासणी केली ती पुस्तकातल्यासारखी. रिकामी मूस पुढे आणि रिकामी मूस मागे. कंट्रोलची हळद पुढे. अक्कांची हळद दोन्हीकडे. शिवाय अक्कांच्याच हळदीच्या एका भागात मी मोजून शिसं घातलं आणि तीही मूस ठेवली. सगळं ठेवलं भाऊंनीच. यावेळी दोन्ही रिकाम्या मुशी रिकाम्या निघाल्या. कंट्रोलने आपलं ठाऊक असलेलं उत्तर दिलं. मुद्दाम घातलेलं शिसं जवळजवळ सगळं परत मिळालं. आणि अक्कांच्या हळदीत, पुढच्या मुशीत आणि मागच्याही, शिसं मर्यादेच्या पुष्कळ खाली, दोन्ही आकडे बहिणी शोभतील असे.

आता रिपोर्ट. साहेबांनी आधी सोपा रस्ता सुचवला, की पहिल्या आकड्यातून ब्लँक वजा करू आणि उरेल ते देऊ. मी म्हटलं, ब्लँक लहान आणि सगळीकडे सारखा असला तर वजा करता येतो; इथे पूड कुठे किती पडली याला धरबंधच नव्हता, मग काय वजा करणार? ते त्यांना पटलं. मग म्हणाले, कारण लिहूच नका, नुसता नवा आकडा द्या. ते मला पटलं नाही. शेवटी 'शेंदूर' या शब्दावर आम्ही अडकलो. त्यांना 'बाह्य स्रोत' हवा होता. मी विचारलं, "अक्कांच्या गावात बाह्य स्रोत कुणाला कळणार? त्यांना वाटेल कुणीतरी बाहेरून येऊन हळदीत काही टाकून गेलं." ते हसले आणि म्हणाले, "लिहा बाई, शेंदूर लिहा. भीक नको पण कुत्रं आवर." रिपोर्ट इंग्रजीत असतो, त्याला मी मराठीत एक पान जोडलं. त्यातला मजकूर असा होता:

'पहिल्या तपासणीत एकाच हळदीचे दोन आकडे एकमेकांपासून फार दूर आले, म्हणून आम्ही हळद न घालता रिकामं भांडं सर्व टप्प्यांतून नेलं. यालाच ब्लँक म्हणतात. त्या रिकाम्या भांड्यातही शिसं सापडलं. शिसं किती आहे हे आधी माहीत असलेली हळदही तपासली; यालाच कंट्रोल म्हणतात. तिच्यातही असायला हवं त्याहून जास्त शिसं निघालं. यावरून शिसं प्रयोगशाळेतून येत असल्याचं कळलं. ते भट्टीच्या दरवाजाच्या वर पूजेसाठी लावलेल्या शेंदराचं होतं. आधीचा ब्लँक भट्टीत ठेवला नव्हता, म्हणून त्याने हे दाखवलं नाही. भट्टी साफ केल्यावर ब्लँकमध्ये शिसं आढळलं नाही आणि कंट्रोलचं उत्तर बरोबर आलं. म्हणून पहिला आकडा रद्द समजावा. चूक प्रयोगशाळेची आहे, हळदीची नाही.'

शेवटच्या वाक्यापाशी साहेबांचं पेन थोडं थांबलं. मग त्यांनीही सही केली.

दिवाळीच्या सुट्टीत धुळ्याला संस्थेच्या कचेरीत बैठक झाली. साहेब म्हणाले, तुम्हीच जा, मला बघितलं की त्यांना फोनच आठवेल. मी पारोळ्याच्या बाजूने बसने गेले. खोलीत वसतिगृहाच्या अधीक्षिका होत्या, खरेदीचं बघणारे एक निवृत्त विज्ञानशिक्षक होते आणि भिंतीला टेकून अक्का. मी ते पान वाचून दाखवलं. मग समजावून सांगितलं. अधीक्षिकाबाईंना शेंदराचं ऐकून हसू आवरेना. त्यांनी पदर तोंडाला लावला.

सर हसले नाहीत. चष्मा काढून म्हणाले, "पहिल्यांदा तुम्ही नसलेलं शिसं दाखवलंत. आता असलेलं दिसत नसेल कशावरून? तुमचं यंत्रच आंधळं झालं असेल. पोरी खाणार आहेत, बाई."

मला त्यांचा फार आदर वाटला. असा प्रश्न विचारणारा माणूस वर्षातून एखादा भेटतो. "सर, त्याचंच उत्तर कंट्रोल," मी म्हटलं. "रिकामी मूस एवढंच सांगते की आम्ही घरचं काही घातलं नाही. पण असलेलं दिसतं का, हे ती सांगू शकत नाही. म्हणून माहीत असलेली हळद शेजारी ठेवली. तिच्यातलं शिसं बरोबर दिसलं. आणि या अक्कांच्याच हळदीत मुद्दाम मोजून शिसं घातलं, तेही जवळजवळ सगळं सापडलं. यंत्र आंधळं असतं तर ते सापडलं नसतं. यांच्या हळदीत जास्त शिसं असतं तर आम्हाला दिसलंच असतं."

सरांनी ते पान घेऊन स्वतः परत वाचलं. बोट ठेवून, ओळ न ओळ. मग चष्मा लावला आणि अधीक्षिकाबाईंकडे वळून म्हणाले, "घ्यायला हरकत नाही. उलट असं लिहून देणारे भेटत नाहीत." मला इतका आनंद झाला की तो चेहऱ्यावर दिसला असणार. इतकी वर्षं मी एका रिकाम्या मुशीच्या जागेसाठी भांडत होते आणि आज एका परक्या खोलीत कुणीतरी तिचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं होतं.

"अक्का," अधीक्षिकाबाई म्हणाल्या, "वसतिगृह उघडायच्या आधी पोती पोचवा. तीच, तपासलेली."

अक्का भिंतीला टेकूनच राहिल्या.

"गाडी नाही का? आम्ही पाठवू."

"हयद नही शे," अक्का म्हणाल्या.

कुणाला काही कळेना. त्या भिंतीपासून पुढे आल्या आणि शांतपणे सांगितलं. साहेबांचा फोन आला त्याच दुपारी त्यांनी पोती वावरात नेली होती. घरात नातवंडं, दारात शेरडं. विषारी वस्तू घरात ठेवायची कशी? कुणी चोरून विकली तर? कुणाच्या पोटात गेली तर? खड्डा करून, पोती फाडून, वर माती लोटून त्या संध्याकाळी घरी आल्या होत्या. त्यानंतर मी फोन केला होता, आणि त्यांनी 'बरं' म्हटलं होतं.

"आधी का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

"सांगीसन काय व्हतं? कागद तं पायजेच व्हता. नाव तं मन्हं शे."

सर खिडकीबाहेर बघायला लागले. नवी हळकुंडं बाजारात यायला शिमगा उजाडणार होता. वसतिगृहाला हळद आताच लागणार होती, ती दुसरीकडून घ्यावी लागेल, हे अधीक्षिकाबाईंनी ओशाळून सांगितलं. अक्कांनी तेही ऐकून घेतलं. मग माझ्याकडे वळल्या.

"बाई, एक सांगा. मंग मी जी मातीमा गाडी दिनी, ती हयद चांगली व्हती?"

आमच्या प्रत्येक रिपोर्टच्या तळाशी छापलेलं असतं की निष्कर्ष फक्त तपासलेल्या नमुन्यापुरता आहे. त्या पिशवीबाहेरच्या हळदीबद्दल मी काही म्हणू नये, हा नियम मीच नव्या लोकांना शिकवते. पण त्या बाईसमोर मला तो तोंडातून काढता येईना.

"हो अक्का," मी म्हटलं. "चांगली होती."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं होतं, आता तरी चेहरा सैल होईल.

"खराब ऱ्हाती तं बरं ऱ्हातं," त्या म्हणाल्या, आणि रिपोर्टची घडी घालून उठल्या.